हायड्रोजनची तिसरी रेषा ४३५.९ वर का येतेय? आणि मधली हिरवी कोणाची?

आंबोशी
नमस्कार मंडळी. टी.वाय.ला फिजिक्स घेतलंय, डिचोलीहून येऊन-जाऊन करते. हायड्रोजन ट्यूबचं प्रॅक्टिकल झालं, पण आकडे पचत नाहीयेत. जाणकारांनी प्रकाश टाकावा (कसला ते धाग्यात कळेलच).

ग्रेटिंग इंचाला १५,००० रेघांची, म्हणजे d = १६९३.३ नॅनोमीटर. पहिल्या ऑर्डरची प्रत्येक रेषा डावीकडे आणि उजवीकडे घेतली, व्हर्नियरचा फरक म्हणजे 2θ. मिळालं ते असं:

लाल: ४५°३६′, म्हणजे ६५६.२
निळसर हिरवी: ३३°२२′, म्हणजे ४८६.१
जांभळी: २९°५०′, म्हणजे ४३५.९
शिवाय एक हिरवी, फिकट पण अगदी धारदार: ३७°३८′, म्हणजे ५४६.२

पहिल्या तीन रेषांना n = 3, 4, 5 देऊन `1/λ = R(1/4 − 1/n²)` मधून R काढला. लाल आणि निळसर रेषांवरून १.०९७२ आणि १.०९७१ (गुणिले दहाचा सातवा घात) आला, जांभळीवरून १.०९२५. हिरवीला तर कुठलाच n बसत नाही. सर म्हणाले, "एक्सपेरिमेंटल एरर लिही, हिरवी सोडून दे." लिहायला हरकत नाही, पण मला पटत नाहीये.

खाजेवाला
सरांनी सोडून दिली ती तू धरून ठेवलीस. पोरगी पुढे जाणार.

पॉइंट_टू_बी
सोपं आहे. सूत्रातली तरंगलांबी निर्वातातली असते आणि तू मोजतेस हवेत. हवेचा अपवर्तनांक १ नाही, १.०००२८ च्या आसपास असतो. शिवाय तुझ्या पुस्तकात R म्हणून १.०९७३७ छापलं असेल. ते अणुकेंद्र अनंत जड धरून काढलेलं. हायड्रोजनचा खरा R १.०९६७८. या दोन्ही दुरुस्त्या कर, सगळं जुळेल.

मडगावकर_दीपा
माझा मुलगा बारावीला आहे. त्याच्या पुस्तकात लायमन सिरीज आधी आणि बामर नंतर आहे. मग प्रयोगात लायमन का घेत नाहीत? परीक्षेला कुठली येते?

जुनाट_व्हर्नियर
दीपाताई, लायमनची पहिलीच रेषा १२१.६ नॅनोमीटरला आहे. ती डोळ्याला दिसत नाही, ट्यूबच्या काचेतून बाहेर येत नाही आणि हवेतही शोषली जाते. तिच्यासाठी निर्वातातला स्पेक्ट्रोमीटर लागतो. परीक्षेला दोन्ही येतात.

आता आंबोशी. पॉइंटराव म्हणतात त्या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, पण त्या तुझ्या प्रश्नाला पुरत नाहीत. ४३४ च्या आसपास हवा आणि निर्वात यांतला फरक साधारण ०.१२ नॅनोमीटरचा. तुझी रेषा जवळजवळ १.९ ने सरकली आहे. आणि दिशाही उलटी आहे: हवेत तरंगलांबी कमी होते, तुझी जास्त आलीय.

आधी आपलं यंत्र किती बारीक बघतं ते ठरव. `d sinθ = mλ` वरून त्या कोनाजवळ θ मधल्या एका मिनिटाला सुमारे ०.४८ नॅनोमीटर पडतात. तू 2θ मोजतेस, म्हणजे वाचनातल्या एका मिनिटाला ०.२४. तिसरी रेषा चुकवायला 2θ मध्ये आठ मिनिटांची चूक लागेल. व्हर्नियर एका मिनिटाचा, आणि उरलेल्या दोन रेषा तू मिनिटाच्या आत पकडल्यास. एकाच सकाळी तोच हात तिसऱ्या रेषेवर आठ मिनिटं चुकेल, हे मला पटत नाही. ग्रेटिंगचा d चुकीचा असता तर तिन्ही रेषा एकाच प्रमाणात हलल्या असत्या.

म्हणून एरर हा शब्द बाजूला ठेव. रेषा बरोबर मोजली आहेस, तिचं नाव चुकलंय का ते बघू.

एक गोष्ट करून बघ. n आधीच ५ धरून R काढू नकोस. लाल रेषेवरून आलेला R घे आणि बाकीच्या रेषांवरून n काढ.

आंबोशी
काढलं काका. R = १.०९७२ धरून निळसरला n = ४.००, जांभळीला ४.९४ आणि हिरवीला ३.४७.

जुनाट_व्हर्नियर
३.४७ बघून कोणीही थांबतो. ४.९४ बघून थांबत नाही, ५ म्हणून पुढे जातो. पण n मध्ये अपूर्णांक चालत नाही, आणि तुझ्या मोजणीच्या बारकाईने n दुसऱ्या दशांशापर्यंत जुळायला हवा, निळसरचा जुळला तसा. तेव्हा ४.९४ वाली रेषाही हायड्रोजनची नाही. हिरवी आणि जांभळी एकाच घरच्या आहेत असा माझा संशय आहे. ५४६.१ आणि ४३५.८ हे आकडे ज्याने लॅबमध्ये एकदा जरी दिवा लावून ग्रेटिंग तपासलंय त्याला पाठ असतात.

खाजेवाला
पाऱ्याचा दिवा! मर्क्युरी! बक्षीस काय?

जुनाट_व्हर्नियर
बक्षीस अजून नाही. नुसते आकडे जुळले म्हणजे सिद्ध झालं असं नव्हे, कारण ४३४ आणि ४३५.८ सुद्धा "जुळतात"च की. पारा असेल तर त्याची पिवळी जोडीही दिसली पाहिजे: ५७७.० आणि ५७९.१. तुझ्या ग्रेटिंगवर 2θ साधारण ३९°५१′ आणि ३९°५९′. आंबोशीबाय, लाल आणि हिरवीच्या मध्ये काही पिवळं होतं का?

काळोखाचा_फोटो
मध्ये घुसतो, माफ करा. मी पेडण्याच्या बाजूला रात्री आकाशाचे फोटो काढतो. माझ्या हायड्रोजन-अल्फा फिल्टरवर ६५६ आणि ७ नॅनोमीटर लिहिलंय. मृगातल्या तेजोमेघाचा लाल रंग तो पकडतो. म्हणजे तो सगळा हायड्रोजन ना? की तिथेही अशी घुसखोरी आहे?

जुनाट_व्हर्नियर
आहे. ६५६.३ च्या दोन्ही बाजूंना नायट्रोजनच्या आयनाच्या रेषा आहेत, ६५४.८ आणि ६५८.४ च्या आसपास. ७ नॅनोमीटरच्या फिल्टरमधून तिन्ही आत येतात. मृगात हायड्रोजन भरपूर म्हणून चालून जातं. काही ग्रहीय तेजोमेघांत नायट्रोजनचा हिस्सा मोठा असतो, तिथे तुमचा लाल रंग दोघांचा मिळून असेल. ३ नॅनोमीटरचा फिल्टर घेतलात तर बहुतेक गाळला जाईल, पण खिसाही गाळला जाईल.

काळोखाचा_फोटो
खिसा जूनपासून रिकामाच आहे. पावसात आकाश दिसत नाही, बुरशी तेवढी दिसते. गेल्या वर्षी लेन्सवर आली होती.

पोफळी
मी एके काळी लॅब असिस्टंट होते. बुरशीवरून आठवलं: आमच्याकडे पावसाळ्यात ग्रेटिंगवर वाफ धरायची आणि मुलं रुमालाने पुसायची! ग्रेटिंगला बोट किंवा कापड लावायचं नाही, कडेने धरायचं. स्लिटच्या पात्यांवर गंज चढला की रेषेला आडवे काळे ओरखडे पडतात आणि पोरं विचारतात, "मॅडम, ही कसली लाइन?"

मूळ प्रश्नाबद्दल माझं मत: हिरवी रेषा हायड्रोजनच्या रेणूची असू शकते. ट्यूबमध्ये सगळा वायू अणूंत फुटत नाही. H₂ उरतोच आणि त्याच्या शेकडो रेषा असतात. आम्ही लाल आणि निळसरच्या मध्ये नेहमी बघायचो. कशाला पाऱ्यावर आळ?

जुनाट_व्हर्नियर
पोफळीताई, रेणूच्या रेषा असतात हे शंभर टक्के खरं. बामरच्या चार रेषा मोकळ्या मैदानात उभ्या असतील असं समजून टेलिस्कोप फिरवणारा तिथेच गोंधळतो. पण त्या एकट्या येत नाहीत, झुंडीने येतात. नारिंगी-लाल भागात, ६०० ते ६४० च्या पट्ट्यात तर खच असतो. स्लिट जरा रुंद असली की तो सगळा भाग धुरकट लाल दिसतो. आंबोशी म्हणतेय की हिरवी धारदार होती, आणि शेजारी गर्दी असल्याचं तिने लिहिलेलं नाही. तरी तुमची शंका मी खोडत नाही. पिवळी जोडी मिळाली की बघू.

आंबोशी
पिवळ्या होत्या! दोन, अगदी चिकटून. माझ्या पार्टनरने "सोडियम" म्हणून वहीत आडवी रेघ मारली होती. रेघेखालचं वाचन दिसतंय: एकीचं ३९°५०′, दुसरीचं नीट घेतलेलं नाही.

पॉइंट_टू_बी
सोडियमचीही जोडीच असते. ५८९.० आणि ५८९.६. पार्टनर बरोबर असू शकतो.

जुनाट_व्हर्नियर
५८९ या ग्रेटिंगवर 2θ = ४०°४२′ च्या जवळपास येईल. वाचन ३९°५०′ आहे. पाऊण अंशाहून जास्त फरक. शिवाय सोडियमच्या दोघी पहिल्या ऑर्डरला दीडेक मिनिटाच्या अंतरावर असतात, साध्या लॅब स्पेक्ट्रोमीटरवर बहुतेकांना एकच दिसतात. "दोन, चिकटून" अशा सहज दिसल्या असतील तर त्या पाऱ्याच्याच.

आता पारा आला कुठून? बाजूच्या टेबलावर कोण काय करत होतं?

आंबोशी
बाजूला मर्क्युरी लॅम्पवर प्रिझमचा प्रयोग चालू होता. पण तो दिवा आमच्याकडे तोंड करून नव्हता. मागे भिंत आहे, पांढरी.

खाजेवाला
भिंतीला कान असतात ऐकलं होतं, भिंतीला स्पेक्ट्रम पण असतो.

जुनाट_व्हर्नियर
असतोच. हायड्रोजन ट्यूबची मधली नळी काडीसारखी बारीक. कोलिमेटरची स्लिट त्या नळीवर रोखलेली असते, पण नळीच्या दोन्ही बाजूंनी मागची भिंत तिला दिसतेच. पाऱ्याचा दिवा ट्यूबच्या कितीतरी पट तेजस्वी, त्यामुळे भिंतीवरून परतलेला उजेडही पुरतो. वर डोळ्याचा पक्षपात आहे: हिरव्याला डोळा सगळ्यात तीक्ष्ण, जांभळ्याला आंधळा. ४३४ ची खरी रेषा आधीच मंद, आणि तिच्यापासून θ मध्ये चारच मिनिटांवर पाऱ्याची ठसठशीत ४३५.८. स्लिट रुंद असेल तर दोघी एकमेकींत मिसळतात आणि क्रॉसवायर आपोआप ठळक बाजूला लागते.

पुढच्या प्रॅक्टिकलला तीन गोष्टी कर. हायड्रोजन ट्यूब बंद करून टेलिस्कोपमधून बघ. रेषा राहिली तर ती ट्यूबची नाही, यावर वाद संपला. मग ट्यूबमागे काळा कागद लाव आणि वर काळं कापड टाक. आणि स्लिट इतकी बारीक कर की लाल रेषा केसासारखी दिसेल, मग जांभळ्याकडे जा. आधी डोळ्यांना अंधाराची सवय होऊ दे.

एक सूचना: बाजूच्यांचा पाऱ्याचा दिवा बंद करायला सांगण्याआधी त्यांची वाचनं संपलीत का विचार. तो गरम असताना परत पेटत नाही, थंड होईपर्यंत सगळ्यांना बसावं लागतं आणि शिव्या तुला पडतात.

देवगडी_हापूस
पिवळ्या रेषेचा विषय निघालाच आहे तर आमच्या विजयदुर्गाचं नाव घ्यायलाच हवं. १८६८ च्या ग्रहणात लॉकियरसाहेबाने हेलियमचा शोध आमच्या किल्ल्यावरून लावला. साहेबाचे कट्टे आजही दाखवतात. गोव्याहून लांब नाही, जाऊन या.

पॉइंट_टू_बी
लॉकियर त्या ग्रहणाला भारतात नव्हता. १८ ऑगस्ट १८६८ ला जान्सेन गुंटूरला होता. लॉकियरने २० ऑक्टोबरला इंग्लंडमधूनच, ग्रहण नसताना, सूर्याच्या कडेवरची ज्वाला बघितली.

देवगडी_हापूस
कट्टे काय हवेत बांधले? लहानपणापासून बघतोय. कोणी तरी साहेब आलाच असेल.

जुनाट_व्हर्नियर
कोणी तरी आला असेल, त्यावर मी बोलत नाही. लॉकियरच्या बाबतीत पॉइंटराव बरोबर आहेत. पण हापूसराव, तुम्ही नकळत धाग्याच्या मुद्द्यावर आलात. त्या ज्वालेच्या वर्णपटात हायड्रोजनची लाल आणि निळसर रेषा होती आणि सोबत एक पिवळी. पिवळी दिसली की सोडियम म्हणायची सवय तेव्हाही होती. लॉकियरने ती रेषा सोडियमच्या जोडीशी ताडून बघितली, तर ती निळ्या बाजूला सरकलेली निघाली. आजच्या आकड्यांत ५८७.६ विरुद्ध ५८९.०, म्हणजे दीडेक नॅनोमीटर. आंबोशीच्या जांभळीत आहे त्याहूनही कमी अंतर. ती कुठल्याच माहीत असलेल्या मूलद्रव्याला बसेना, तिचं नाव पुढे हेलियम पडलं.

देवगडी_हापूस
ठीक आहे. कट्ट्यांवर वेगळा धागा काढतो.

मडगावकर_दीपा
मुलगा विचारतोय: हायड्रोजनकडे इलेक्ट्रॉन एकच, मग एका वेळी चार रेषा कशा?

पोफळी
दीपाताई, ट्यूबमध्ये एक अणू नसतो, अगणित असतात. कोणाचा इलेक्ट्रॉन तिसऱ्यावरून दुसऱ्यावर उतरतो, कोणाचा चौथ्यावरून, कोणाचा पाचव्यावरून. एका उडीला एकच रंग. आपल्याला दिसते ती सगळ्यांच्या उड्यांची बेरीज. वरून उतरणारे कमी म्हणून चौथी, ४१० वाली, कित्येकांना दिसतच नाही.

आंबोशी
परत आले. पाऊस, बस आणि सबमिशन यांच्या मधून वेळ मिळाला.

हायड्रोजन ट्यूब बंद केली: हिरवी आणि पिवळ्या जशाच्या तशा! जांभळीही होती, अगदी त्याच जागी. म्हणजे शेजारचाच दिवा. बाजूच्यांचं झाल्यावर त्यांचा दिवा बंद केला, मागे काळा कागद लावला, स्लिट बारीक केली. आता 2θ = २९°४२′ ला एक मंद जांभळी दिसते. θ = १४°५१′, λ = ४३४.०. R आला १.०९७३, n = ५.००. वरच्या दोघींशी छान बसतो. ४१० वाली मला दिसली असं वाटतं, पार्टनरला नाही, म्हणून लिहिली नाही.

पण एक अडलंय. सगळे दिवे बंद, खिडक्यांना पडदे, फक्त हायड्रोजन ट्यूब चालू, तरी ५४६ च्या जागी हिरव्याचा अगदी पुसट अंश दिसतोय. ट्यूब बंद केली की जातो.

पोफळी
बघा! मी म्हटलं होतं ना, रेणू!

पॉइंट_टू_बी
किंवा ट्यूबमध्येच पाऱ्याचा अंश. जुन्या काळी निर्वात करायला पाऱ्याचे पंप वापरायचे. ट्यूब किती जुनी आहे?

आंबोशी
लेबल गेलंय. कपाटाच्या चावीवाल्या मामांच्या मते, "तुझ्या जन्माच्या आधीची."

जुनाट_व्हर्नियर
दोन्ही शक्य आहे आणि इथून ठरवता येणार नाही. पारा असेल तर त्याच जागी जांभळी ४३५.८ ही पुसट का होईना दिसेल, ४३४ च्या बाजूला दुसरी सावली म्हणून. रेणू असेल तर हिरव्याची जागा मिनिटा-दोन मिनिटांनी वेगळी निघेल आणि आजूबाजूला आणखी बारीक रेषा सापडतील. पुसट रेषेवर क्रॉसवायर लावणं त्रासाचं आहे: आधी दिवा लावून पाऱ्याच्या हिरवीवर क्रॉसवायर नेमकी बसव, टेलिस्कोप घट्ट कर, मग दिवा विझवून बघ ती पुसट रेषा तारेवर आहे की शेजारी.

आणि R बद्दल पॉइंटरावांचं आता ऐक. तिन्ही रेषा १.०९७१ ते १.०९७३ मध्ये आल्यात, हायड्रोजनचा R १.०९६७८. उरलेला फरक आता हवेच्या दुरुस्तीच्या मापाचा आहे, तेव्हा ती करायला अर्थ आहे. पुस्तकातल्या १.०९७३७ शी ताडून "उत्तम जुळलं" असं लिहू नकोस, ते जुळणं योगायोगाचं आहे.

पॉइंट_टू_बी
शेवटी माझंच खरं. ह.घ्या.

खाजेवाला
जर्नलमध्ये काय लिहिणार? सरांनी एरर लिहायला सांगितलंय.

आंबोशी
दोन्ही दिवसांची वाचनं लिहिली, पाऱ्याच्या रेषा वेगळ्या तक्त्यात. सरांनी वाचलं, काही बोलले नाहीत, सही केली. हिरव्याचं काकांनी सांगितलेलं करून बघायचंय, पण ट्यूब आता एस.वाय.च्या बॅचकडे गेली आणि कपाट चतुर्थीनंतरच उघडणार. काका, देव बरें करूं.

पोफळी
चतुर्थीनंतर नक्की लिही गं. आणि ट्यूब सलग फार वेळ चालू ठेवू नकोस, तापते आणि फिकी पडते. अर्ध्या मिनिटाला बंद करून वाचन लिहायचं, मग परत लावायची.